वस्तीवरच्या दोन खोल्यांची सोलर जोडणी: वायर कुठून कुठे जाते आणि का

निफाड तालुक्यातली शेतवस्ती. दोन खोल्या, वर सिमेंटचा स्लॅब, समोर द्राक्षबाग. घराला वीजजोडणी नाही, म्हणून ग्रिडला न जोडलेली, बॅटरीवर चालणारी सोलर यंत्रणा बसवायची होती. पॅनल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि इन्व्हर्टर एवढे चारच भाग. पण या चौघांमधल्या वायरी कशा जातात यावर यंत्रणा दहा वर्षं चालणार की दोन वर्षांत बॅटरी बसणार हे ठरतं. त्यामुळे हे काम कागदापासून शेवटच्या बोल्टपर्यंत कसं केलं, तेच इथे मांडत आहोत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. शहरात गच्चीवर नेट मीटरिंगसाठी जी सोलर बसते ती वेगळी. तिला सहसा बॅटरी नसते आणि लाइट गेली की तीही बंद पडते, कारण ती लाइनमध्ये वीज सोडत राहिली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. खाली सांगितलेली जोडणी तिला लागू होत नाही.

सुरुवात पॅनलपासून नव्हे, घरातल्या वापरापासून केली. ९ वॅटचे चार एलईडी बल्ब रोज पाच तास, म्हणजे १८० वॅट-तास. ३० वॅटचे दोन बीएलडीसी पंखे दहा तास, म्हणजे ६००. टीव्ही ५० वॅटचा, तीन तास, म्हणजे १५०. मोबाइल आणि वायफायचे १०० धरले. ५०० वॅटचा मिक्सर दहा मिनिटं फिरला तर ८० च्या आसपास. बेरीज ११०० वॅट-तासांच्या थोडी वर जाते. इन्व्हर्टरमधून जाताना यातले साधारण १३ टक्के उष्णतेत जातात, म्हणून बॅटरीतून पावणेतेराशे निघणार. शिवाय एकही बटण चालू नसलं तरी इन्व्हर्टर स्वतःसाठी १२ वॅट खातच असतो. दिवसाचे चोवीस तास धरले तर ते जवळपास २९० होतात. हा आकडा बहुतेक हिशेबांत धरलेला नसतो आणि मग लोक विचारतात की बॅटरी रात्री दोनलाच का उतरते. सगळं मिळून रोज दीड युनिटाच्या थोडं वर लागणार होतं.

त्यावरून बॅटरी ठरली. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास. गुणाकार ३६०० वॅट-तास होतो, पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणून हातात १८०० च धरायचे. आपली गरज त्यात बसते. पॅनल ३३५ वॅटचे दोन घेतले. या भागात वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला पाच तासांइतकं पूर्ण ऊन मिळतं. ६७० ला पाचने गुणलं की ३३५०. उष्णता, धूळ आणि वायरीतली घट यांत तीस टक्के जातात, बॅटरी भरताना आणखी वीस टक्के जातात. १९०० च्या आसपास उरतात. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात हे पुरतं. पावसाळ्यात दाट ढग आले की पॅनल चौथा-पाचवा हिस्साच देतं, तेव्हा टीव्ही आणि मिक्सर आवरावा लागतो. हे घरमालकांना काम सुरू होण्याआधीच सांगितलं.

२४ व्होल्टच का, १२ का नाही? तेवढ्याच वॅटला १२ व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, आणि वायरीतली घट करंटच्या वर्गाने वाढते. ८०० वॅटच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टवर जवळपास ८० अँपिअर करंट ओढावा लागतो. त्यासाठी बोटाएवढी जाड केबल आणि तिच्या टोकाला दाबून बसवायचे तसेच जाड लग लागतात. २४ वर हेच काम चाळिशीत होतं.

मग आकृती काढली. भिंतीवर चिकटवायची म्हणून ती मुद्दाम सोपी ठेवली आहे. प्रत्येक उभी रेघ म्हणजे प्लस आणि मायनस अशा दोन वायरी.

```
पॅनल १ + पॅनल २  (सिरीज, ७६ व्होल्ट, ९ अँपिअर)
      │   ४ चौ. मिमी सोलर केबल, १२ मीटर
डीसी आयसोलेटर, सर्ज प्रोटेक्टर
      │
एमपीपीटी चार्ज कंट्रोलर  (१५० व्होल्ट, ३५ अँपिअर)
      │   १० चौ. मिमी, १ मीटर
डीसी एमसीबी ४० अँपिअर
      │
बॅटरी १ + बॅटरी २  (सिरीज, २४ व्होल्ट)
      │   १६ चौ. मिमी, दीड मीटर
डीसी फ्यूज ६३ अँपिअर
      │
इन्व्हर्टर  (१००० व्हीए, प्युअर साइन वेव्ह)
      │
एसी एमसीबी ६ अँपिअर ── घरातलं वायरिंग
```

आयसोलेटर म्हणजे पॅनलची लाइन हाताने तोडायचा स्विच, आणि सर्ज प्रोटेक्टर अचानक उसळलेला व्होल्टेज जमिनीत सोडतो. या आकृतीत बॅटरी मधोमध आहे. कंट्रोलर तिच्यात वीज भरतो आणि इन्व्हर्टर तिच्यातून काढतो. दिवसा दोन्ही एकदम चालतात. तेव्हा पॅनलची वीज कंट्रोलरमधून येते, बॅटरीच्या टर्मिनलवरून थेट इन्व्हर्टरकडे वळते, आणि उरलेलीच बॅटरीत शिरते. कंट्रोलर आणि इन्व्हर्टर यांच्यात सरळ वायर नसतेच.

यावर घरमालकांनी विचारलं, “भाऊ, कंट्रोलरवर लोड म्हणून दोन टोकं दिलीत की. इन्व्हर्टर तिथंच लावला तर एक जाड वायर वाचंल ना?” प्रश्न रास्त आहे, आणि बऱ्याच घरी तसं केलेलं सापडतं. पण ती टोकं डीसी बल्बासारख्या किरकोळ वापरासाठी असतात. त्यामागचा स्विच दहा, वीस, फार तर तीस अँपिअरचा असतो. इन्व्हर्टर ८०० वॅटवर चाळीस अँपिअर ओढतो, आणि मिक्सर सुरू होताना क्षणभर सत्तरच्या घरात जातो. शिवाय इन्व्हर्टरच्या आत मोठे कपॅसिटर असतात. रिकामे असताना ते जोडल्या जोडल्या प्रचंड करंट खेचतात. एवढ्याने कंट्रोलरचं लोड सर्किट जळतं, आणि बऱ्याचदा सोबत कंट्रोलरही जातो. म्हणून इन्व्हर्टर थेट बॅटरीवर लावायचा, मधे फक्त फ्यूज.

पॅनल सिरीजमध्ये लावायचे की पॅरललमध्ये, यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. प्रत्येक पॅनलच्या मागच्या स्टिकरवर काम करतानाचा व्होल्टेज ३८, करंट ८.८ अँपिअर आणि मोकळा, म्हणजे काहीच न जोडता मिळणारा, व्होल्टेज ४६ असे आकडे होते. पॅरललमध्ये लावले तर ३८ व्होल्टवर साडेसतरा अँपिअर येतात. सिरीजमध्ये लावले तर ७६ व्होल्टवर पावणेनऊ. वॅट दोन्हीकडे तेवढेच. फरक पडतो तो छपरापासून कंट्रोलरपर्यंतच्या बारा मीटर वायरीत. जाऊन-येऊन ती चोवीस मीटर होते, आणि ४ चौरस मिलिमीटर तांब्याचा एवढ्या लांबीचा रोध ०.१२ ओहमच्या आसपास भरतो. पॅरललमध्ये साडेसतरा अँपिअर गेले की दोन व्होल्टहून अधिक वायरीतच जातात, म्हणजे ३८ मधले साडेपाच टक्के. सिरीजमध्ये एकच व्होल्ट जातो, तोही ७६ मधला, म्हणजे दीड टक्क्याच्या आत. तेवढीच वायर, तेवढाच खर्च, आणि घट चौथा हिस्सा.

मात्र सिरीजला एक धोका आहे, आणि निफाडमध्ये तो खरा आहे. पॅनल जितकं थंड, तितका त्याचा मोकळा व्होल्टेज जास्त. दर अंशाला साधारण ०.३ टक्के. स्टिकरवरचा आकडा २५ अंशांचा असतो. दोन पॅनल मिळून ९२ व्होल्ट. पण जानेवारीत इथे पहाटे पारा पाच अंशांखालीही जातो. वीस अंशांचा फरक म्हणजे सहा टक्के, आणि ९२ चे साडेसत्त्याण्णव होतात. बाजारात सहज मिळणारा कंट्रोलर १०० व्होल्ट मर्यादेचा असतो. कागदावर तो चालेल असं वाटतं, पण अडीच व्होल्टांचं अंतर म्हणजे अंतरच नव्हे. ही मर्यादा एकदा जरी ओलांडली तरी कंट्रोलर कायमचा जातो, आणि ते उन्हाळ्यात नाही, तर थंडीत सूर्य उगवल्यावर पहिल्या काही मिनिटांत घडतं. म्हणून १५० व्होल्टचा कंट्रोलर घेतला. थोडे जास्त पैसे लागले, पण इथे काटकसर करू नये.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर स्वस्त मिळतो, तो का नाही, हेही सांगतो. पीडब्ल्यूएम म्हणजे पॅनल आणि बॅटरी यांच्यातला झटपट चालू-बंद होणारा स्विच. तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो. पॅनल ३८ व्होल्टवर काम करायला बनलेलं, बॅटरी २६ वर, म्हणजे मधले बारा व्होल्ट वाया. साडेसतरा अँपिअरला २६ ने गुणलं की ४५५ वॅट होतात. ६७० च्या पॅनलमधले जवळपास एक तृतीयांश वॅट कधी बॅटरीत जातच नाहीत. एमपीपीटी कंट्रोलर जास्त व्होल्टेज कमी करून त्या बदल्यात करंट वाढवून देतो, त्यामुळे हे वॅट वाचतात. सिरीजमधले ७६ व्होल्ट साध्या पीडब्ल्यूएमवर दिले तर तो जळण्याचीच शक्यता जास्त.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, वीस अंशांच्या उतारावर बसवले, कारण या जागेचा अक्षांश वीसच आहे. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार, अशा तीन वेळा स्लॅबवर उभं राहून सावल्या पाहिल्या. पाण्याच्या टाकीची सावली चारनंतर एका कोपऱ्यावर येत होती. हातभर सावलीने काय बिघडतं असं वाटतं, पण पॅनलमधले सेल एकाच माळेत ओवलेले असतात. ती माळ तीन भागांत वाटून प्रत्येक भागाला एक बायपास डायोड दिलेला असतो. एका भागातला एक सेल जरी अंधारात गेला तरी तो आख्खा भाग बाजूला पडतो, म्हणजे पॅनलचा तिसरा हिस्सा. चौकट दोन फूट पूर्वेला सरकवली.

वायरी ओढून झाल्यावर, काहीही जोडण्याआधी, आयसोलेटर ऑफ ठेवून त्याच्या वरच्या टोकांवर मल्टिमीटर लावला. सकाळचे अकरा, स्वच्छ ऊन. ८५ व्होल्ट दिसले. ९२ का नाही? कारण पॅनल तेव्हा पन्नास अंशांपर्यंत तापलेलं असतं. म्हणजे ८५ हेच बरोबर. इथे ४३ आले असते तर एकाच पॅनलचा व्होल्टेज येतोय, दुसरं जोडणीत आलेलंच नाही. शून्याच्या आसपास आले असते तर दोन पॅनल एकमेकांविरुद्ध जोडले गेलेत, किंवा वायर कुठेतरी तुटलीय. आणि ८५ च्या आधी वजा चिन्ह दिसलं असतं तर प्लस-मायनस उलटे झालेत. हा शेवटचा घोळ एमसी-फोर कनेक्टरांमुळे नेहमी होतो. जागेवर केबलला कनेक्टर बसवताना नर-मादी बरोबर जुळतात, पण लाल केबलला चुकीचा नर बसवलेला असतो. केबलच्या रंगावर भरवसा न ठेवता मीटरवर ठेवावा.

आणखी एक. उन्हात पॅनल बंद करता येत नाही. त्याला बटण नाही. ८५ व्होल्ट डीसीचा झटका साधा नसतो. आणि चालू करंटमध्ये एमसी-फोर ओढून काढला तर जो निळा आर्क पडतो तो तुटतच नाही, टोकं वितळवत राहतो. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून एसीचा स्विच ठिणगी विझवू शकतो. डीसी शून्यावर येतच नाही. त्यामुळे पॅनलच्या आणि बॅटरीच्या लाइनवर घरातला साधा एसी एमसीबी लावणं म्हणजे ऐन वेळी न तुटणारा स्विच लावणं. डीसी लिहिलेलाच घ्यावा. त्यातल्या काहींवर प्लस-मायनसच्या खुणाही असतात, त्या दिशेनेच जोडावा लागतो. उलटा जोडला तर रोज काही बिघडत नाही, पण ज्या दिवशी तुटायला हवा त्या दिवशी तो आतून पेटतो.

बॅटऱ्या जागेवर नेणं हे दोन माणसांचं काम, एक-एक पंचावन्न किलोच्या आसपास भरते. लाकडी फळीवर ठेवल्या, खिडकीजवळ, कारण चार्जिंगच्या शेवटी त्यांतून हायड्रोजन निघतो आणि बंद कपाटात तो साचला तर एक ठिणगी पुरते. हातातलं घड्याळ आणि अंगठी काढली. पाना प्लस-मायनसला एकदम टेकला तर बॅटरी क्षणात हजारभर अँपिअर सोडते आणि पाना लाल होतो. फ्यूज आणि एमसीबी हे बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत लावायचे, ते याचसाठी. फ्यूज असतो वायर वाचवायला. तो इन्व्हर्टरच्या बाजूला लावला तर बॅटरी ते फ्यूज ही सगळी वायर बिनसंरक्षणाची राहते.

पहिल्या बॅटरीचा मायनस आणि दुसऱ्या बॅटरीचा प्लस यांच्यात जाड जोडपट्टी टाकली की सिरीज झाली. बाहेरच्या दोन टोकांवर २५.२ व्होल्ट आले. इथे एक मोह होतो. घरात १२ व्होल्टचा एखादा डीसी बल्ब किंवा फवारणी पंपाचा चार्जर असतो, आणि मधल्या जोडावरून १२ व्होल्ट सहज मिळतात. ते घेऊ नयेत. मग एकच बॅटरी जास्त उतरते, पण कंट्रोलरला दिसते ती दोघींची बेरीज. २८.८ झाले की तो म्हणतो भरली. आत मात्र एक १५.२ वर उकळत असते आणि दुसरी १३.६ वर अर्धपोटी राहते. सहा महिन्यांत एकीचं पाणी संपतं, दुसरी सल्फेट होते. जुनी बॅटरी आणि नवी बॅटरी सिरीजमध्ये लावली तरी याच वाटेने जातात.

जोडण्याचा क्रम पक्का आहे. आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल. काढताना उलट, आधी पॅनल, मग बॅटरी. कंट्रोलर सुरू झाल्यावर समोर किती व्होल्ट आहेत हे बघून १२ ची यंत्रणा आहे की २४ ची हे ठरवतो. बॅटरीआधी पॅनल जोडलं तर त्याला ओळखायला काही नसतं. काही कंट्रोलर तेव्हा चुकीचा व्होल्टेज धरून बसतात, तर काहींच्या आउटपुटला पॅनलचा व्होल्टेज जातो आणि ते बिघडतात. म्हणून ४० अँपिअरचा एमसीबी चढवला, पडद्यावर २४ दिसले याची खात्री केली, आणि मगच आयसोलेटर फिरवला.

आता सेटिंग. ट्युब्युलरसाठी ॲब्सॉर्प्शन २८.८ व्होल्ट, फ्लोट २७.४. पहिल्या टप्प्यात कंट्रोलर येईल तेवढा करंट ढकलतो, २८.८ ला पोचलं की तो व्होल्टेज धरून करंट हळूहळू कमी करतो, आणि भरल्यावर २७.४ वर आणून नुसती भरलेली ठेवतो. हे आकडे २५ अंशांचे. बॅटरी जितकी गरम, तितका कमी व्होल्टेज तिला पुरतो. दर सेलला दर अंशामागे ४ मिलिव्होल्ट, बारा सेल, आणि मे महिन्यात खोली ४० अंशांवर. पंधरा अंशांचे पाऊण व्होल्ट होतात, म्हणजे २८.८ च्या जागी २८.१. कंट्रोलरसोबत येणारा तापमानाचा सेन्सर बऱ्याचदा खोक्यातच राहतो. तो बॅटरीच्या अंगाला चिकटवला. तो नसेल तर उन्हाळाभर बॅटरी जास्त चार्ज होते आणि दर पंधरवड्याला डिस्टिल्ड वॉटर मागते.

शेवटी इन्व्हर्टर. त्याची प्लस वायर टर्मिनलला टेकवली की कपॅसिटर भरताना मोठा चटका उडतो, बोल्टाचं तोंड जळतं. आम्ही आधी २४ व्होल्टचा, ट्रकच्या हेडलाइटचा बल्ब मधे धरला. तो क्षणभर उजळला आणि विझला. विझला म्हणजे कपॅसिटर भरले. मग वायर कसली, एक ठिणगीही आली नाही. साधन प्युअर साइन वेव्हचं घेतलं, कारण चौकोनी लहरींवर पंखे घूं-घूं आवाज करतात आणि मिक्सरची मोटर तापते. पॅनलची चौकट, सर्ज प्रोटेक्टर आणि इन्व्हर्टरची बॉडी, सगळ्यांना अर्थिंग दिलं.

पाच दिवसांनी तक्रार आली. बॅटरी भरलेली, हिरवा दिवा लागलेला, तरी मिक्सर सुरू केला की इन्व्हर्टर बीप करून बंद. बॅटरी खराब निघाली असं घरात सगळ्यांचं मत झालं होतं. अशा वेळी अंदाज न करता व्होल्टेज कुठे पडतोय ते मोजावं. २०० वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब लावले, म्हणजे बॅटरीतून १८ अँपिअर सतत निघत राहिले. बॅटरीच्या टोकांवर २४.६ व्होल्ट. इन्व्हर्टरच्या टोकांवर २३.८. दीड मीटर केबलमध्ये ८०० मिलिव्होल्ट जाणं शक्यच नाही, तिथे शंभरच्या आत जायला हवेत. मग मीटरची एक टोकणी बॅटरीच्या बोल्टावर, दुसरी लगमध्ये शिरणाऱ्या तांब्यावर. प्लसच्या बाजूला ४ मिलिव्होल्ट. फ्यूजवर ३०. मायनसच्या लगवर ६७०.

सापडलं. त्या एका लगमध्ये बारा वॅट उष्णता निघत होती, बोट लावलं तर ठेवता येत नव्हतं. इन्सुलेशन कडेला तपकिरी झालं होतं. लग कापून उघडला तेव्हा आतल्या तांब्याच्या तारा सुट्या, गोल, जशा घातल्या तशाच होत्या. तो लग पक्कडीने दाबलेला होता. बाहेरून चपटा दिसत होता, पण आत निम्म्या तारांना त्याचा स्पर्शच नव्हता. १८ अँपिअरला ०.६७ व्होल्ट, तर मिक्सर सुरू होताना सत्तर अँपिअरला अडीच व्होल्टांहून अधिक. त्यात बॅटरी स्वतः साडेतेवीसपर्यंत दबते. इन्व्हर्टरला वीस-एकवीसच दिसतात, आणि त्याचा कटऑफ २१ वर आहे. त्याच्या दृष्टीने बॅटरी संपली होती. वायर दोन इंच कापली, टिनचा मुलामा दिलेला नवा तांब्याचा लग घातला, षट्कोनी डायच्या हायड्रॉलिक क्रिम्परने दाबला, पुन्हा मोजलं. ६७० चे ३ मिलिव्होल्ट झाले. मिक्सर तीन नंबरवर फिरला. ते काम आमच्याच हातून झालेलं, म्हणून त्या दिवशी सगळे लग काढून पुन्हा क्रिम्प केले.

या २१ व्होल्टच्या कटऑफबद्दल घरच्यांना वेगळं सांगावं लागलं. तो इन्व्हर्टरला वाचवतो, बॅटरीला नाही. रात्रभर पंखे चालून पहाटे बीप वाजला म्हणजे बॅटरी पार तळाला गेलीय. रोज असं झालं तर ती दोन वर्षंही काढणार नाही. सकाळी ऊन यायच्या आधी, पंखे बंद करून अर्ध्या तासाने व्होल्टेज बघायचा. २४.२ च्या वर असेल तर निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. लागोपाठ खाली दिसत असेल तर वापर वाढलाय, किंवा पॅनलवर धूळ साचलीय. द्राक्षबागेत फवारणी झाली की औषधाचा पांढरट थर काचेवर बसतो, तो साध्या पाण्याने सकाळी लवकर, काच थंड असताना धुवायचा.

महिन्याभराने पुन्हा फोन आला, “दुपारी तीनला कंट्रोलरवर दोनच अँपिअर दाखवतंय, आधी वीस दाखवायचं. पॅनल गेलं का?” तेव्हा व्होल्टेज किती दिसतोय ते विचारलं. २७.४. मग मिक्सर आणि दोन्ही पंखे लावायला सांगितले. फोन चालू असतानाच आकडा दोनवरून अठरावर गेला. पॅनल ठणठणीत होतं, बॅटरी दुपारी एकलाच भरली होती आणि कंट्रोलर फ्लोटवर जाऊन बसला होता.